फोटोतली काळी सिंगर कोणती? सुई, बॉबिन आणि पुस्तिकेपर्यंतची वाट

प्रश्न: भाऊ, नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरी आजीची हाताने चालवायची काळी शिलाई मशीन सापडली. फोटो जोडले आहेत. 'सिंगर' एवढंच वाचता येतं, मॉडेल कुठेच लिहिलेलं नाही. खांबाजवळ वाय अक्षराने सुरू होणारा नंबर आहे. इतवारीतून गोल बॉबिन आणली, पण ती ठेवायची जागाच सापडत नाही. सुई कोणती, बॉबिन कोणती आणि पुस्तिका कुठे मिळेल?

उत्तर:

ताई, आता आणखी गोल बॉबिन घेऊ नका. तुमची मशीन सिंगरची 28के आहे, फार तर 128के. या दोन्हींत गोल बॉबिन बसतच नाही. त्यांना लांबट, सडपातळ बॉबिन लागते आणि ती एका पोकळ, टोकदार पोलादी शटलमध्ये घालतात. सुई मात्र साधी घरगुती चालते, ती आपल्याकडे कोणत्याही दुकानात मिळते. पुस्तिकाही फुकट मिळते.

हे कशावरून, ते सांगतो. उद्या दुकानदार काही वेगळंच गळ्यात मारायला लागला तर तुम्हाला स्वतः पाहता आलं पाहिजे.

काळ्या मशीनच्या फोटोत लोक आधी नाव पाहतात. सोनेरी अक्षरं, खांबावरचा पितळी बिल्ला, वेलबुट्टी. पण नावावरून सुई-बॉबिन ठरत नाही. सिंगरनेच त्या काळात निरनिराळ्या बॉबिनची मॉडेलं काढली आणि वरून ती सगळी सारखीच काळी दिसतात. शिवाय आपल्याकडच्या घराघरांतल्या काळ्या मशीनी बहुतेक सिंगरच्या 15 नंबरच्या घडणीच्या असतात. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने 1930 च्या दशकात आणलेली 'उषा' असो की लुधियानातल्या छोट्या कारखान्यांतला माल असो, आतलं यंत्र त्याच जातीचं. दुकानात 'काळी मशीन' म्हटलं की गल्ल्यावरचा माणूस 15 ची गोल बॉबिन काढून देतो, ती एवढ्यासाठीच. त्याचाही अंदाज चुकीचा म्हणता येत नाही, दहातल्या बहुतेक गिऱ्हाइकांना तीच लागते. तुमची त्यातली नाही, इतकंच.

म्हणून मी फोटोत आधी सुईखालचा भाग पाहतो. सुई जिथे खाली जाते तिथे भोकाची एक लहान पट्टी असते. तिच्या आजूबाजूला सरकणारी चकचकीत झाकणं कुठे आहेत, एवढंच पाहायचं. तुमच्या दुसऱ्या फोटोत भोकाच्या पट्टीच्या पुढे एक आणि मागे एक अशा दोन सरकपट्ट्या आहेत. दोन्ही मिळून पाटाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत एक सलग चकचकीत पट्टा दिसतो. ही मागे-पुढे झुलणाऱ्या शटलची खूण आहे. शटल एका कमानीत पुढून मागे आणि मागून पुढे जाते. तिला काढण्याघालण्यासाठी आणि साफ करण्यासाठी जागा लागते, म्हणून दोन्हीकडे झाकण.

15 च्या घडणीत असं नसतं. तिथे भोकाची पट्टी गोलसर असते आणि सरकपट्टी तिच्या डाव्या हाताला, एकच. ती उघडली की खाली डाव्या तोंडाने बसवलेली बॉबिनची डबी दिसते, बोटाने धरायची कडी असलेली. 66 नंबरच्या आणि तिच्या छोट्या बहिणीच्या, म्हणजे 99 च्या मशीनमध्ये सरकपट्टी सुईच्या पुढे असते, मागे नसते. उघडली की गोल बॉबिन आडवी झोपलेली, वरूनच दिसते. या तीन ठिकाणांवरून घरगुती काळ्या सिंगरचा निम्म्याहून जास्त घोळ सुटतो.

झुलत्या शटलला लांब बॉबिनच का लागते, तेही कळू द्या. शिलाईत वरच्या धाग्याचा फास खालच्या धाग्याभोवती अडकला पाहिजे. 15 मध्ये हुक तो फास ओढून पूर्ण डबीभोवती फिरवतो, म्हणून डबी गोल आणि जाड असली तरी चालते. तुमच्या मशीनमध्ये फास जागेवरच राहतो आणि शटल स्वतः त्या फासातून पार जाते. फासातून जायचं म्हणजे तिचा पुढचा भाग निमुळता आणि अंग बारीक हवं. अंग बारीक म्हणजे आतली बॉबिनही बारीक आणि लांब. गोल बॉबिन ठेवायची जागा तुम्हाला सापडली नाही, कारण ती नाहीच.

आता 28 की 128? आणि मोठी 27-127 का नाही? तुम्ही पाटावर शिंप्याची टेप ठेवून फोटो काढलात, हे फार बरं केलंत. पाट साधारण 31 सेंटिमीटर भरतो. सिंगरचा पूर्ण मापाचा पाट 37 च्या आसपास असतो. म्हणजे तुमची छोट्या मापाची. 27 आणि 127 मोठ्या मापाच्या, 28 आणि 128 छोट्या मापाच्या, आतली रचना एकच. फोटोत टेप नसती तर हे कळलं नसतं. नुसत्या मशीनच्या फोटोवरून लहान-मोठं ओळखणं अवघड जातं, मोबाइल जवळ धरला की सगळंच मोठं दिसतं.

28 आणि 128 मधला फरक बॉबिन भरायच्या चकतीवरून बहुधा कळतो. तुमच्या फोटोत ती हातचाकाजवळ खाली, पाटाला लागून आहे. ही 28 ची ठेवण. 128 मध्ये ती वर, मशीनच्या आडव्या हाताच्या उंचीवर असते. पक्कं करायचं तर पुढची सरकपट्टी उघडून पाहा. 128 मध्ये शटल वर उचकटून काढायला एक छोटी दाबकळ दिलेली असते. 28 मध्ये ती नसते, शटल बोटाने उचलावी लागते. पण खरं सांगू? सुई, बॉबिन आणि शटल दोघींची एकच आहे, त्यामुळे सामान आणायला जाण्यासाठी हा निकाल लागलाच पाहिजे असं नाही.

नंबराचं पाहू. वायने सुरू होणारे क्रमांक सिंगरच्या स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक कारखान्याचे, 1921 ते 1935 मधले. मॉडेलच्या आकड्यापुढचा 'के' हा त्याच कारखान्याचा, तिथल्या किलबोवी या जागेच्या नावावरून आलेला. जुन्या मशीन जमवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या ismacs.net या साइटवर सिंगरच्या क्रमांकांची यादी आहे. अक्षर निवडा आणि तुमचा आकडा कोणत्या गटात पडतो ते पाहा. समोर मॉडेल आणि वर्ष दिसेल. कंपनी क्रमांकांचे गट आधीच वाटून ठेवत असे. त्यामुळे यादीतलं वर्ष म्हणजे गट वाटल्याची वेळ, मशीन त्यानंतर काही महिन्यांनी तयार झालेली असू शकते. 28 की 128 ही शंका मात्र इथे मिटायला हरकत नाही.

तुमच्या फोटोत नंबराचे शेवटचे दोन आकडे मळाखाली गेले आहेत. तो भाग पुसायला सॅनिटायझर, स्पिरिट किंवा नेलपॉलिश काढायचं पाणी अजिबात लावू नका. सोनेरी नक्षीवर लाखेसारखा थर असतो, तो स्पिरिटमध्ये विरघळतो आणि नक्षी कापसाबरोबर निघून येते. मशीनचं तेल लावा, तासभर ठेवा आणि मऊ सुती कापडाने पुसा. मग खोलीतला दिवा बंद करून मोबाइलची टॉर्च अगदी बाजूने, पाटाला समांतर धरा. आकडे कोरलेले असतात, तिरप्या उजेडात त्यांच्या कडांना सावली पडते आणि झिजलेला आकडाही वाचता येतो. समोरून फ्लॅश मारलात तर सगळं पांढरं दिसेल. झिजलेल्या नंबरात वायचा खालचा दांडा पुसट होऊन तो व्ही वाटतो, तेवढं बघा. भारतीय बनावटीच्या मशीनवर नंबर असला तरी अशी यादी कुठे पाहायला मिळत नाही. त्यांच्या बाबतीत नंबराच्या मागे न लागता सरळ सरकपट्टी पाहावी.

सुईकडे येऊ. तुम्हाला चपट्या दांड्याची घरगुती सुई लागते. पाकिटावर 15×1, एचए×1 किंवा 130/705 एच यांपैकी काहीही लिहिलेलं असलं तरी ती याच जातीची. साध्या सुती कापडाला 14 नंबर, मलमल-व्हॉइलला 11, जाड कापडाला 16. पाकिटावर 90/14 असं लिहिलेलं असतं, त्यातला 90 हा सुईच्या जाडीचा आकडा, शंभरांश मिलिमीटरमध्ये.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. गांधीबाग-इतवारी भागात कारखान्याच्या, विजेवर पळणाऱ्या मशीनी पुष्कळ. त्यांची सुई डीबी×1, गोल दांड्याची. दुकानात तीही 14 नंबरचीच मिळते आणि नुसतं '14 ची सुई द्या' म्हटलं की ती हातात पडते. तिचा दांडा सुमारे 1.6 मिलिमीटर जाड, तुमच्या सुईचा 2 मिलिमीटर. तुमच्या मशीनच्या पकडीत ती बारीक पडते, वाकडी बसते आणि टाके सुटतात, नाहीतर पट्टीवर आपटून तुटते. ओळखायला सोपं आहे. सुई काचेवर ठेवून बोटाने लोटा. गोल दांड्याची गडगडत जाते, चपट्या दांड्याची चपट्या बाजूवर थांबते.

सुई लावताना चपटी बाजू कुठे, हा पुढचा प्रश्न तुम्हाला पडणारच. सुईच्या एका अंगाला वरून डोळ्यापर्यंत लांब खाच असते. धागा नेहमी त्या खाचेच्या बाजूने ओवायचा आणि चपटी बाजू त्याच्या विरुद्ध येते. मशीनवर सुईच्या पकडीजवळचा शेवटचा धागा-हुक ज्या अंगाला असेल, त्या अंगाने ओवायचं. तरी एकदा खात्री करून घ्या. सुई पकडीत वरपर्यंत टेकवा, स्क्रू आवळा, पुढची सरकपट्टी उघडी ठेवा आणि चाक हाताने आपल्याकडे फिरवा. शटलचं टोक सुईच्या ज्या बाजूने डोळ्याच्या किंचित वरून जातं, ती चपटी बाजू असली पाहिजे. सुई उलटी लागली तर टाका अधूनमधून सुटत नाही, मुळीच पडत नाही. खालचा धागा वरच येत नाही. असं झालं की आधी सुई फिरवून पाहा, टेन्शनच्या स्क्रूला हात लावू नका.

चाकच फिरत नसेल तर जोर करू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं तेल घट्ट होतं, आपल्या उन्हाळ्यात तर त्याचा डिंकच होतो, आणि कोणी मधे खोबरेल घातलं असेल तर विचारायलाच नको. प्रत्येक तेलाच्या भोकात आणि जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी चाक थोडं मागे-पुढे हलवा. दोन-तीन रात्रींत सुटतं.

आता बॉबिन, जिच्यापायी तुम्ही अडकलात. आधी शटल जागेवर आहे का ते पाहा. सुई वर ठेवून पुढची पट्टी उघडली आणि चाक फिरवलं की शटल पुढे येते. तिथे टोकदार पोलादी नळकांडं असेल तर ते काढा. आत जुनी बॉबिनही निघण्याची शक्यता मोठी आहे, आजीने शेवटचं जे शिवलं त्याच्या धाग्यासकट. ती निघाली तर अर्धं काम झालं, कारण नव्या बॉबिनला तीच नमुना. लांबी साधारण 33 मिलिमीटर, दोन्ही टोकांना छोट्या चकत्या. सिंगरचा तिचा पार्ट नंबर 8228. हाच नंबर 27, 28, 127 आणि 128 या चारही मशीनना चालतो, त्यामुळे दुकानात किंवा ऑनलाइन मागवताना मॉडेलपेक्षा हा आकडा सांगितलेला बरा.

लांब बॉबिनी इतर कंपन्यांच्याही असतात. जुन्या जर्मन मशीनच्या बॉबिनी दिसायला अगदी अशाच, पण लांबीला कमी-जास्त. म्हणून शटल बरोबर न्या. दुकानातच बॉबिन शटलमध्ये घाला आणि कानाशी धरून हळू हलवा. ती आत मोकळी वाजली पाहिजे, पण टोकाला अडकायला नको आणि बाहेर डोकावायलाही नको. नव्या नकली बॉबिनींच्या टोकाच्या चकत्या कधी थोड्या मोठ्या निघतात. त्या शटलमध्ये घासतात, खालचा धागा अडखळत येतो आणि शिलाईत दर थोड्या अंतराने घट्ट टाके पडतात. लोक मग टेन्शन पिळत बसतात, दोष बॉबिनच्या कडेत असतो. भरतानाही ती काठोकाठ भरू नका. मधे फुगवटा आला की तोही असाच घासतो.

शटलच नसेल तर मात्र खर्च थोडा वाढेल. शटल आणि बॉबिन एकाच ठिकाणाहून घ्या, म्हणजे दोघी एकमेकींत बसतात की नाही ते तिथेच कळेल. घेताना शटलच्या टोकावरून नख फिरवा. टोक बोथट किंवा ओरखडे पडलेलं असेल तर ती धागा तोडेल, परत करा. नव्या शटलच्या अंगावर एक चपटी स्प्रिंग आणि तिला बारीक स्क्रू असतो, तिच्याखालून धागा यायला हवा. स्प्रिंग वाकलेली नको.

पुस्तिकेसाठी सिंगरच्या साइटवर पाहा, ismacs.net वरही जुन्या पुस्तिका आहेत. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन ग्रंथालयाने शिलाई मशीनचं जुनं छापील साहित्य स्कॅन करून ठेवलं आहे, तिथेही हात मारायला हरकत नाही. शोधताना इंग्रजीतच टाका:

```
Singer 28K instruction manual
Singer 128K instruction manual
```

28 ची नाही मिळाली तर 128 ची उतरवून घ्या. शटल काढायची दाबकळ सोडली तर धागा ओवणं, तेलाची ठिकाणं, शटलमध्ये बॉबिन घालायची रीत, सगळं तुम्हाला लागू पडेल. त्यातली तेलाच्या ठिकाणांची चित्रं तेवढी छापून घ्या, बाकीचं मोबाइलवर चालेल. शोधात सुट्या भागांची यादीही समोर येते, ती वेगळी वस्तू. तिच्यात शिवायचं कसं हे नसतं, फक्त भागांची चित्रं आणि नंबर असतात. दुकानात 'काळ्या मशीनची' म्हणून मिळणारी हिंदी-मराठी पुस्तिका घेऊ नका. ती गोल बॉबिनच्या मशीनसाठी असते आणि त्यातली धागा ओवायची वाट तुमच्या मशीनची नाही.

एक फोटो अजून पाठवा, पुढची सरकपट्टी उघडी आणि शटल पुढे आलेली, वरून काढलेला. दाबकळ आहे की नाही ते त्यात दिसेल. शटलच्या टोकाची अवस्था बघायची तर ती बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेवलेला दुसरा फोटो लागेल. फोटोवरून एवढंच कळतं. आतली झीज आणि सुई-शटलची वेळ जमते की नाही हे शिवूनच पाहावं लागतं. त्यासाठी वर लाल आणि खाली पांढरा धागा लावा, सुती कापडाची दोन पदरी पट्टी घ्या आणि चाक हळू फिरवत एक वीतभर शिवा. कापडाच्या खालच्या अंगाला लाल धाग्याचे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन थोडं आवळा. वरच्या अंगाला पांढरे दिसले तर वरचं थोडं सैल करा. शटलच्या स्क्रूला त्यानंतर, आणि तेही एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही.